अंडी तळाशी शोधायची की वर?

शौचाच्या तपासणीचा अहवाल हाती येतो आणि त्यात एक ओळ असते : ‘जंतांची अंडी आढळली नाहीत.’ रुग्णाच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. पण ही ओळ कोणत्या पद्धतीने लिहिली गेली, यावर तिचा अर्थ बदलतो. तंत्रज्ञाने काडीच्या टोकावरचे शौच मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवून थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असेल, तर तिचा अर्थ फार मर्यादित असतो. नमुन्यातली अंडी आधी एका जागी गोळा करून मग पाहिली असतील, तर अर्थ वेगळा होतो. आणि ती तळाशी गोळा केली की पृष्ठभागावर, यावर तो पुन्हा एकदा बदलतो.

एक साधा हिशेब केला की हे लक्षात येते. थेट तपासणीत स्लाइडवर जेमतेम २ मिलिग्रॅम शौच बसते. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. माणसाचे दिवसाचे शौच २०० ग्रॅम धरले, तर प्रत्येक ग्रॅममध्ये १००० अंडी आणि स्लाइडवर दोन अंडी येतात. म्हणजे पोटात एकच मादी असली, तरी ती बहुधा सापडते. इतर जंत इतके उदार नसतात. अंकुशकृमीची मादी जातीनुसार दिवसाला साधारण पाच हजार ते पंचवीस हजार अंडी घालते. आतड्यात राहणारा मोठा पर्णकृमी, फॅसिओलॉप्सिस बस्की, दिवसाला सोळा हजारांच्या आसपास अंडी घालतो. एकाच पर्णकृमीचा हिशेब मांडला, तर ग्रॅममागे ८० अंडी येतात आणि एका स्लाइडच्या वाट्याला एक पूर्णांक अंडेही येत नाही. सहा स्लाइड पाहाव्यात तेव्हा कुठे एक.

म्हणूनच प्रयोगशाळा नमुना ‘कॉन्सन्ट्रेट’ करतात. एक ग्रॅमभर शौच घ्यायचे, त्यातला चोथा, चरबी आणि पाणी दूर करायचे आणि अंडी थोड्याशा जागेत आणायची. याच्या अनेक रीती आहेत, पण त्यांतल्या दोन सर्वाधिक रुळल्या. एकीत अंडी नळीच्या तळाशी बसवतात, दुसरीत ती द्रवाच्या पृष्ठभागावर तरंगवतात. पहिलीचे नाव फॉर्मॅलिन-ईथर अवसादन, दुसरीचे झिंक सल्फेट तरंगण पद्धत.

तरंगण पद्धत आधी आली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातील टुलेन विद्यापीठात अर्नेस्ट कॅरोल फाउस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली ती मांडली. जंतांच्या अंड्यांबरोबर अमीबासारख्या एकपेशीय परजीवींच्या पुटीही तिने सापडाव्यात, हा त्यांचा हेतू होता. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, एल. एस. रिची यांनी अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय नियतकालिकात ईथर वापरून तळाशी साका बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. रिडली आणि हॉगुड यांनी १९५६ मध्ये तिच्यात सुधारणा केली आणि तीच पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत स्थिरावली.

तरंगण पद्धतीचे तत्त्व कोकणातल्या शेतकऱ्याला नवे नाही. पेरणीआधी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, भरीव दाणे तळाला जातात. पाण्यात मीठ विरघळले की पाणी जड होते आणि जे त्याच्यापेक्षा हलके ते तरंगते. फरक एवढाच, की शेतकरी वर आलेले फेकून देतो आणि प्रयोगशाळा वर आलेलेच उचलते.

साध्या पाण्याची घनता १ मानली, तर अंकुशकृमीचे अंडे सुमारे १.०५५, गोलकृमीचे फलित अंडे १.११ च्या आसपास आणि चाबूककृमीचे १.१५ भरते. ही सगळी पाण्यात बुडतात. झिंक सल्फेटचे द्रावण मात्र १.१८ घनतेचे करतात, त्यामुळे त्यात ती वर येतात आणि शौचातला बराचसा चोथा खाली राहतो. प्रमाण म्हणून लिटरला सुमारे ३३० ग्रॅम झिंक सल्फेट सांगतात. पण वजनावर विसंबून भागत नाही. या क्षाराच्या स्फटिकांत पाणी धरलेले असते आणि ते किती आहे यावर द्रावणाची घनता ठरते. बाटली उघडी राहिली तर बाष्पीभवनाने ती पुन्हा सरकते. म्हणून द्रावणात हायड्रोमीटर सोडून आकडा वाचायचा आणि कमीजास्त असेल तर पाणी किंवा क्षार घालून तो १.१८ वर आणायचा. नमुना आधीच फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असेल, तर द्रावण थोडे अधिक जड, १.२० चे लागते.

प्रत्यक्ष कृती अशी : एक ग्रॅम शौच दहा मिलिलिटर पाण्यात कालवून गॉजमधून गाळायचे, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करायचे. मग उरलेल्या साक्यात थोडे झिंक सल्फेट घालून तो नीट मोडायचा, नळी काठापासून जरा खालपर्यंत त्याच द्रावणाने भरायची आणि पुन्हा एखादे मिनिट फिरवायची. सेंट्रीफ्यूज आपोआप थांबू द्यायचे. ब्रेक लावला की झटका बसतो आणि वर जमलेला पातळ पापुद्रा मोडतो. नंतर काटकोनात वाकवलेला तारेचा लूप पृष्ठभागाला नुसता टेकवायचा, बुडवायचा नाही, आणि त्यावर आलेला थेंब स्लाइडवर घ्यायचा.

इथे घड्याळ महत्त्वाचे ठरते. झिंक सल्फेटचे दाट द्रावण अंड्यांमधले पाणी ओढून घेते. पातळ कवचाची अंडी आक्रसू लागतात, त्यांचा आकार बिघडतो, काही जड होऊन पुन्हा खाली जातात. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या आत स्लाइड पाहावी लागते. सकाळी वीस नळ्या एकदम फिरवून ठेवायच्या आणि दुपारी सवडीने पाहायच्या, ही सोय या पद्धतीत नाही.

आणखी एक चूक सहज होते. धुतल्यानंतर नळीत मिलिलिटरभर पाणी तसेच राहिले आणि वरून नऊ मिलिलिटर द्रावण घातले, तर मिश्रणाची घनता १.१८ वरून १.१६२ वर येते. अंकुशकृमीच्या अंड्याला तेवढीही पुरते. चाबूककृमीचे १.१५ चे अंडे मात्र आता जेमतेम हलके उरते. ते इतक्या सावकाश वर चढते, की एका मिनिटाच्या फेऱ्यात पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. अहवालात ते ‘नाही’ असे नोंदले जाते आणि चूक कुठे झाली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी बाटलीतले द्रावण हायड्रोमीटरने तपासले होते, ते बरोबरच होते. बिघडले ते नळीत.

दुसऱ्या पद्धतीत अंड्याच्या वजनाला एवढे महत्त्व नसते. फॉर्मॅलिनच्या पाण्यात सगळी अंडी बुडतातच. प्रश्न असतो तो त्यांच्याभोवतीचा कचरा आणि चरबी काढून टाकण्याचा. ते काम ईथर करते.

बाजारातले फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, असे दहा टक्क्यांचे द्रावण घेतात. त्याच्या सातेक मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम शौच कालवून ते गॉजच्या दोन पदरांतून किंवा बारीक जाळीतून निमुळत्या तळाच्या नळीत गाळतात. पदर दोनच हवेत. चार घेतले तर मोठी अंडी कापडातच अडकतात. मग तीन मिलिलिटर ईथर घालून नळीचे तोंड बुचाने बंद करून ती अर्धा ते एक मिनिट जोरजोराने हलवतात. बूच जपून सैल करून वाफ जाऊ देतात आणि नळी दोन-तीन मिनिटे सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात.

बाहेर काढलेल्या नळीत चार थर दिसतात. सर्वांत वर चरबी विरघळलेले ईथर, त्याखाली चोथ्याची घट्ट चकती, तिच्याखाली फॉर्मॅलिन आणि तळाशी साका. अंडी त्या साक्यात असतात. पातळ काडी नळीच्या आतल्या भिंतीवरून चकतीभोवती फिरवून ती सुटी करायची आणि वरचे तिन्ही थर एका झटक्यात ओतून टाकायचे. हात मध्येच थांबला तर चकतीचा चुरा परत तळाशी उतरतो. नळी तशीच तिरपी धरून आतली भिंत कापसाने पुसून घ्यायची. उरलेल्या अर्ध्या मिलिलिटरभर साक्यातला एक थेंब स्लाइडवर, त्यावर हवे तर आयोडीन, आणि कव्हरस्लिप.

काम नीट झाले का, हे ही नळी स्वतःच सांगते. चकती बनली नाही, मधला थर गढूळ राहिला, तर हलवणे कमी पडले. साका बोटभर जाड असेल, तर शौच जास्त घेतले गेले. अशा साक्यात अंडी चोथ्याखाली झाकली जातात. तो पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये कालवून दुसऱ्यांदा ईथर देणे हाच उपाय. तरंगण पद्धतीची चूक डोळ्यांना दिसत नाही, अवसादनाची बहुतेक वेळा दिसते. रोज अनेक माणसांच्या हातून काम होणाऱ्या प्रयोगशाळेत हा फरक मोठा आहे.

या पद्धतीची खरी अडचण ईथरची आहे. ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आतच उकळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याच्या पलीकडे जाते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून घरंगळत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते आणि पेट घेते. साध्या घरगुती फ्रिजमध्ये ते ठेवणे त्याहून धोक्याचे, कारण बंद जागेत वाफ साठते आणि फ्रिजच्या स्विचची ठिणगीही पुरते. १९७९ मध्ये ईथरऐवजी इथाइल ॲसिटेट वापरता येते, असे दाखवून देण्यात आले. तेही ज्वलनशीलच आहे, पण ते ७७ अंशांवर उकळते आणि हाताळायला बरेच सुरक्षित आहे. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांत नाव ‘फॉर्मॅलिन-ईथर’ राहिले, बाटली मात्र इथाइल ॲसिटेटची असते. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि त्यातले फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक मानले जाते, म्हणून काम हवेशीर जागी करावे लागते. झिंक सल्फेटला यांतला कोणताच धोका नाही. साधनेही थोडी लागतात.

मग निवड कशावर करायची? आपल्या भागात कोणते जंत असू शकतात, यावर. इथे पालघरचे उदाहरण उपयोगी पडते.

फॅसिओलॉप्सिस बस्की हा पर्णकृमी पूर्व आणि आग्नेय आशियातला म्हणून ओळखला जातो. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातून त्याच्या नोंदी आहेत. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध आला : त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यातल्या प्रादुर्भावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. या कृमीची अंडी माणसाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून तळ्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत वाढते, आणि नंतर शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींवर पुटी बनून चिकटून बसते. ओला शिंगाडा दातांनी सोलला की ती पोटात जाते.

आता अशा भागातल्या एका नमुन्याची कल्पना करू. शेतात अनवाणी काम करणारा एक मजूर आहे. त्याला अशक्तपणा आहे, अधूनमधून पोट दुखते. त्याच्या आतड्यात अंकुशकृमीच्या चार माद्या आणि एक पर्णकृमी आहे. अंकुशकृमीची मादी दिवसाला दहा हजार अंडी घालते असे धरले, तर २०० ग्रॅम शौचात ग्रॅममागे २०० अंडी तिची आणि ८० पर्णकृमीची. थेट तपासणीच्या २ मिलिग्रॅममध्ये दोन्ही मिळून सरासरी अर्ध्याहून किंचित जास्त अंडे येते. म्हणजे अशा दहा स्लाइडपैकी पाच-सहा पूर्ण कोऱ्या निघतील.

त्याच नमुन्यातला एक ग्रॅम झिंक सल्फेटच्या नळीत जातो. अंकुशकृमीची हलकी अंडी झरझर वर येतात. लूपने उचललेल्या थेंबात चोथा जवळजवळ नाही. पारदर्शक, पातळ कवचाची, आत चार-आठ पेशी दिसणारी लंबगोल अंडी स्वच्छ पार्श्वभूमीवर उठून दिसतात. तंत्रज्ञ ‘अंकुशकृमीची अंडी’ असे लिहितो, आणि ते बरोबर असते.

पर्णकृमीची ८० अंडी मात्र त्या थेंबात नसतात. हे अंडे मोठे असते, सुमारे १३५ मायक्रॉन लांब, म्हणजे अंकुशकृमीच्या अंड्याच्या दुपटीहून जास्त. त्याच्या एका टोकाला झाकण असते. दाट द्रावणात पडताच आतबाहेरच्या दाबातल्या फरकाने हे झाकण उघडते, द्रावण आत शिरते, आणि रिकामे, चेपलेले कवच तळाशी जाते. द्रावणाची घनता वाढवून उपयोग नाही. झाकणावरचा ताण त्याने उलट वाढतो. झाकणाची अंडी घालणारे सगळेच पर्णकृमी आणि माशांतून येणारा रुंद पट्टकृमी या पद्धतीत असेच हुकतात. गोमांस-डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचे अंडे वेगळ्या कारणाने हुकते : त्याचे जाड कवच त्याला १.२२ च्या आसपास नेते आणि १.१८ च्या द्रावणात ते वर येत नाही. गोलकृमीचे अफलित अंडेही जड असते. पोटात फक्त मादी असेल आणि नर नसेल, तर अशीच अंडी पडतात. त्या रुग्णात गोलकृमी असूनही तरंगण पद्धत गप्प राहू शकते.

दुसरा एक ग्रॅम फॉर्मॅलिन-ईथरच्या नळीत जातो. फॉर्मॅलिनने पर्णकृमीच्या अंड्याचे झाकण शाबूत राहते आणि जड अंडे बिनचूक तळाशी बसते. अर्ध्या मिलिलिटर साक्यातला एक थेंब साधारण दहावा हिस्सा असतो. ८० पैकी निम्मी अंडी गाळण्यात आणि ओतण्यात गेली असे धरले, तरी त्या थेंबात चारेक उरतात. पिवळसर तपकिरी रंगाची ही मोठी अंडी सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगातूनही नजरेतून सुटत नाहीत. अंकुशकृमीची अंडीही इथे असतात, पण त्यांच्याभोवती वनस्पतीच्या पेशी आणि तंतू पसरलेले असतात. पातळ कवचाचे रंगहीन अंडे त्या गर्दीत शोधायला वेळ आणि सराव लागतो. अंकुशकृमीची लागण याहून हलकी असती, तर इथे ती निसटण्याची आणि झिंक सल्फेटमध्ये सापडण्याची शक्यता अधिक होती.

या मजुराच्या बाबतीत हा फरक थेट औषधापर्यंत जातो. अंकुशकृमीवर अल्बेंडाझोल चालते. दरवर्षी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना देतात तीच ४०० मिलिग्रॅमची गोळी. पर्णकृमीवर तिचा भरवसा नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागते. केवळ झिंक सल्फेटच्या अहवालावर उपचार झाला, तर अंकुशकृमी जातील आणि पोटदुखी तशीच राहील. पुढच्या महिन्यात त्याच पद्धतीने पुन्हा तपासणी झाली, तर अहवाल आता पूर्ण कोरा येईल.

म्हणून नमुना एकच असेल आणि पद्धत एकच निवडायची असेल, तर अवसादन निवडणे शहाणपणाचे. ते जवळपास सर्व प्रकारची अंडी धरते, फॉर्मॅलिनमधला नमुना दूरच्या आरोग्य केंद्रातून दिवसभराचा प्रवास करून आला तरी चालतो, आणि तयार साका दुपारपर्यंत थांबतो. उशिरा पोचलेल्या ताज्या नमुन्यात अंकुशकृमीचे अंडे वाढून फुटू लागते. फॉर्मॅलिन तेही थांबवते. जिथे पर्णकृमी आणि पट्टकृमी यांचा संभव नाही आणि प्रश्न अंकुशकृमीच्या हलक्या लागणीचा किंवा एकपेशीय परजीवींच्या पुटींचा आहे, तिथे झिंक सल्फेटची स्वच्छ स्लाइड कामी येते. वेळ आणि शौच दोन्ही पुरेसे असेल, तर दोन्ही पद्धती चालवाव्यात. तेवढे जमत नसेल, तर तरंगण झाल्यावर त्याच नळीचा तळ फेकून न देता त्यातला एक थेंब पाहावा. चेपलेले, झाकण उघडलेले कवच तिथे ओळखू येऊ शकते.

अहवालावर पद्धतीचे नाव लिहिणेही तितकेच आवश्यक आहे. ‘झिंक सल्फेट तरंगण पद्धतीने अंडी आढळली नाहीत’ असे वाचले, की पर्णकृमीचा प्रश्न अजून उघडा आहे हे डॉक्टरला कळते.

अवसादनालाही एक मर्यादा आहे आणि ती अहवाल लिहिताना पाळावी लागते. फॅसिओलॉप्सिसचे अंडे आणि गुराढोरांच्या यकृतात राहणाऱ्या फॅसिओला या पर्णकृमीचे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्यावर प्राझिक्वांटेल लागू पडते, दुसऱ्यावर ते विश्वासाने देता येत नाही. तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागते. म्हणून जाणता तंत्रज्ञ एकाच जातीचे नाव न लिहिता ‘फॅसिओलॉप्सिस किंवा फॅसिओला प्रकारची अंडी’ असे लिहितो. पुढे रुग्णाने तळ्यातले ओले शिंगाडे खाल्ले होते का, यकृताच्या जागी दुखते का, गावातल्या गुरांना यकृताचा कृमी आहे का, हे डॉक्टरने विचारायचे असते. ज्याच्या पोटात हा कृमी असतो, त्याला प्राणिजन्य कृमी की आतड्यातला कृमी हे सांगता येत नाही; पण शिंगाडा कसा सोलला, हे तो नक्की सांगू शकतो.